आमची वाटचाल : पेस्ट आमची, फ्रिज दुकानदाराचा

आमचा आलं-लसूण पेस्टचा धंदा कोरेगावचा, त्यामुळे आल्यासाठी कधी लांब जावं लागलं नाही. लसूण मात्र घाऊक बाजारातून आणायचो. सुरुवात घरच्या मिक्सरवर झाली आणि पहिलं कायमचं गिऱ्हाईक मिळालं ते साताऱ्यातल्या खानावळवाल्या मावशींचं. त्यांनी पहिल्याच डब्याचं झाकण उघडून बजावलं, "ताई, वाटताना पाणी घालू नका. फोडणीत तडतडतं आणि पेस्ट लवकर आंबते." तेव्हापासून धुतलेलं आलं फडक्यावर कोरडं झाल्याशिवाय आम्ही भांड्यात टाकलं नाही. वाटण फिरेना तर पाण्याऐवजी तेल घालतो.

पुढे स्टीलचा ग्राइंडर घेतला. मिक्सर सलग चालवला की भांडं तापतं, लसणाचा ताजा वास उडतो. ग्राइंडर हळू फिरतो, म्हणून रंग आणि वास दोन्ही राहतात. तरीही आलं आधी आडवं, पातळ चिरूनच घालायचं. उभे तुकडे टाकले की रेषा तशाच राहतात आणि मग दात कोरत बसा.

मधली वर्षं बरी गेली. मग बाजारात एक स्पर्धक आला. बाटलीवर वर बोटभर तेल आणि तोंडी जाहिरात एकच : "तेलात आहे, बाहेरच ठेवा." दुकानदारांना हे फार आवडलं, कारण फ्रिजमधली जागा थंड पेयांना लागते. आमची पेस्ट ताजी, बिनआम्लाची, लेबलवर ठळक "फ्रिजमध्ये ठेवा" छापलेली. तरी एका दुकानदाराने ऐन मे महिन्यात आमचा माल त्या बाटल्यांशेजारी फळीवर मांडला. झाकणं फुगली, उघडताना फस्स करून वायू सुटला, आणि सगळा माल आमच्या नावाने परत आला. तो धक्का इतका मोठा होता, की त्या हंगामात ग्राइंडर विकायला काढला होता. नाव आमचं खराब झालं आणि फळीवर ठेवणाऱ्याचं काहीच गेलं नाही, ही गोष्ट आजही मनातून जात नाही.

मावशींनी मात्र ऑर्डर थांबवली नाही. त्यांच्याकडे डबा थेट फ्रिजमध्ये जायचा आणि आठवड्यात संपायचा.

तेलाबद्दलचा गैरसमज अजून घराघरात आहे, म्हणून सांगते. तेलाचा थर हवा अडवतो. त्यामुळे वर बुरशी लवकर धरत नाही, पेस्ट काळपट पडत नाही. पण आलं-लसूण मातीतून येतात, आणि मातीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असतात. त्यांना हवा नसलेलीच जागा लागते. तेलाखालची, आंबट नसलेली, उबदार पेस्ट म्हणजे त्यांची सोयच. त्यांचं विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. फुगलेलं झाकण, बुडबुडे, आंबूस वास दिसला तर फेकायचंच, पण काही दिसत नाही म्हणून पेस्ट चांगली असंही नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेली तेलातली पेस्ट चाखूनही पाहू नका.

मिठाचंही तसंच. फक्त मिठाच्या जोरावर हे जंतू रोखायचे तर पेस्टमधल्या पाण्यात सुमारे 10 टक्के मीठ लागतं. एवढी खारट पेस्ट कधी चमचाभर, कधी तीन चमचे घातली की भाजीच्या मिठाचा अंदाजच राहत नाही. घरी आपण घालतो त्या मिठाने चव येते आणि खराब होणं थोडं लांबतं, एवढंच.

घरचं प्रमाण सांगते. सोललेला लसूण पाव किलो, सोललेलं आलं पाव किलो, मीठ दोन सपाट चहाचे चमचे म्हणजे साधारण 10 ग्रॅम, तेल दोन मोठे चमचे. हे मीठ 2 टक्के झालं. आठवड्याला लागेल तेवढीच पेस्ट लहान काचेच्या बरणीत भरा आणि फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको, तिथे गारवा कमी-जास्त होतो. चमचा कोरडा हवा. लोक महिनाभर टिकते म्हणतात. मी आठवड्यापुढे जात नाही. उरलेली त्याच दिवशी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरा. तीन महिने चव छान राहते. वडी गोठलेलीच फोडणीत टाका, ओट्यावर वितळवत ठेवू नका.

पेस्ट हिरवी-निळी झाली तर घाबरू नका. लसणातल्या द्रव्यांमुळे तसं होतं, विशेषतः लिंबू किंवा व्हिनेगर पडल्यावर, आणि त्याने अपाय होत नाही. त्या स्पर्धकाने आमच्या हिरवटपणावरूनही दुकानांत बरंच पसरवलं होतं.

फळीवर ठेवायच्या बाटल्या आता आम्हीही करतो, पण त्यात सायट्रिक आम्ल घालून, आंबटपणा मोजून. पीएच मीटर रोज तपासून घेतो, कारण पीएच 4.6च्या खाली गेल्याशिवाय हे जंतू आवरत नाहीत, आणि आम्ही 4च्याही खाली ठेवतो. त्यानंतर गरम करून भरतो. घरी लिंबू पिळून हा हिशेब जमत नाही. मावशींना अजून बिनआम्लाचीच पेस्ट लागते, आणि तिचा डबा आजही बर्फाच्या पेटीतून जातो.