फोनवर

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाही म्हणून लिहितेय, आणि झोप का येत नाही ते कळावं म्हणूनही.

मी खोटं बोलले. तेही कुणाशी, तर मावशींशी. तेही कशाबद्दल, तर काहीच नसताना. ऑफिसच्या वॉशरूममध्ये बेसिनपाशी उभी राहून मी स्वतःशीच बोलत होते, मावशी बादली घेऊन आत आल्या आणि म्हणाल्या, "कोणाशी बोलतेस गं?" मी म्हणाले, "फोनवर." फोन बाहेर टेबलावर चार्जिंगला लावलेला. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि फरशी पुसायला लागल्या.

चार वाजता सगळ्यांसमोर झालं ते वेगळंच. सर जे बोलले ते बोलले, त्यावर आज लिहायचं नाही. पण राहून राहून आठवतोय तो "फोनवर". स्वतःशी बोलते म्हणायला मला लाज का वाटली? आरशासमोर गाणं म्हणताना कुणी पकडलं असतं तर हसून मोकळी झाले असते.

साडेतीनला मेसेज आला की तक्त्यातले आकडे चुकलेत, चार वाजता सगळ्यांना समजावून सांगा. उघडून पाहिलं तर परताव्यांचा रकाना मागच्या महिन्याचा. मीच तो चिकटवला होता, घाईत. तो रकाना तीन बेरजांमध्ये गेलेला, म्हणजे तीन ठिकाणी चूक. दुरुस्त करायला बारा मिनिटं लागली, पण हात इतके कापत होते की त्यातली पाच मिनिटं चुकीच्याच खान्यात टाइप करण्यात गेली. मग उठले आणि वॉशरूम गाठलं.

स्वतःला नावाने हाक मारून बोलायचं, हे मी वाचलेलं होतं. मिशिगन विद्यापीठातल्या इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग. लोकांना पाच मिनिटांत भाषणाची तयारी करायला सांगितली, परीक्षकांसमोर करायचं भाषण. काहींनी मनातल्या मनात "मला भीती का वाटतेय" असा विचार करायचा, काहींनी स्वतःचं नाव घेऊन "अमक्याला भीती का वाटतेय" असा. नाव घेणाऱ्यांचं भाषण परीक्षकांना जास्त बरं वाटलं, आणि भाषण झाल्यावर त्यांना लाजही कमी वाटली, नंतर ते उगाळत बसणंही कमी झालं. मला तेव्हा वाटलं होतं, एवढंच? एक सर्वनाम बदलायचं?

तर मी आरशात बघून सर्वनाम बदललं. म्हणाले, "मीनल, तू अशीच आहेस. दरवेळी घाई. एक रकाना तपासता येत नाही तुला."

छातीतली धडधड दुपटीने वाढली.

अर्थात वाढणारच. नाव घेतलं होतं, पण आवाज तोच, शाळेतल्या त्या बाईंचा. (त्या अजूनही डोक्यात भाडं न देता राहतात.) मी स्वतःपासून लांब कुठे गेले होते? फक्त शिव्या देणारं तोंड बदललं होतं. आता रात्री बसून बघते तर ओळखायची खूण अगदी सोपी वाटते. "अशीच", "दरवेळी", "नेहमी", "कधीच" हे शब्द आले की तो सल्ला नसतो, निकाल असतो. सल्ल्याच्या वाक्यात वेळ असते, वस्तू असते, करायचं काहीतरी असतं.

मग आठवली ती, गेल्या वर्षी रडत माझ्याकडे आलेली. तिने चुकीच्या माणसाला चुकीची फाइल पाठवली होती. तिला मी म्हणाले होते का की तू अशीच आहेस? मी पाणी दिलं होतं आणि विचारलं होतं, "नेमकं काय झालंय?" किती शहाणी होते मी त्या दिवशी! दहा मिनिटांत तिचा प्रश्न सुटला, आणि घरी जाऊन मी माझ्याच एका क्षुल्लक गोष्टीवर दोन रात्री जागले. यावरही क्रॉस आणि इगोर ग्रॉसमन यांचा प्रयोग आहे, त्याच २०१४ सालचा. जोडीदाराने फसवलंय अशी कल्पना करायची, काहींनी आपल्या जोडीदाराने, काहींनी मित्राच्या. मित्राच्या बाबतीत लोक सगळ्या बाजू पाहत होते, आपल्याला सगळं माहीत नाही हे कबूल करत होते. स्वतःच्या बाबतीत माणसं तेवढी शहाणी राहत नव्हती. स्वतःच्या प्रश्नाकडे त्रयस्थासारखं बघायला लावलं की हा फरक मिटत होता. याला त्यांनी नाव दिलंय राजा सॉलोमनचं, दुसऱ्यांना न्याय देणारा आणि स्वतःच्या घरात घोटाळे करणारा. मला राज्य नाही, एवढाच काय तो फरक.

तेव्हा बेसिनपाशी, दुसऱ्यांदा, असा विचार केला की ती रडणारी मीच आहे आणि पाणी देणारीही मीच.

"मीनल, नेमकं काय झालंय?"

"मागच्या महिन्याचा रकाना चिकटवला."

"किती ठिकाणी चुकलंय?"

"तीन."

"दुरुस्त तक्ता तयार आहे?"

"आहे."

"मग चार वाजता तुझं पहिलं वाक्य काय असणार?"

इथे मी अडले, आणि इथेच मावशी आल्या.

यातलं एक आत्ता लिहिताना लक्षात येतंय. मी "का" विचारलंच नाही. पहिल्या खेपेला सगळं "का"च होतं. असं का केलंस, तुझ्याच बाबतीत असं का होतं. दुसऱ्या खेपेला काय, किती, कधी. क्रॉस यांच्या प्रयोगात नाव घेऊन "का" विचारलेलंही चाललंय, म्हणजे "का" वाईट असं नाही. पण माझा "का" नेहमी त्या बाईंच्याच आवाजात येतो, म्हणून माझ्यापुरता तो मी वेगळा ठेवते. निदान वीस मिनिटं हातात असताना तरी.

आणि सर्वनामाचं काय करायचं? "तू" ठीक. "तुम्ही" करून पाहिलं, तर बँकेतून फोन आल्यासारखं वाटलं. घरचं लाडाचं नाव घेतलं की मी लगेच आठ वर्षांची होते आणि डोळ्यांत पाणी येतं. ते कामाचं नाही. आणि "आपण" तर फारच लबाड शब्द. "आपण चुकतो ना कधीकधी" म्हटलं की बरं वाटतं खरं, पण त्या "आपण"मध्ये सगळं गाव सामावतं आणि रकाना कुणी चिकटवला ते हरवतं.

हे सांगायचं कारण, बैठकीत मी नेमकी तीच चूक करणार होते. तोंडावर वाक्य आलं होतं, "आकड्यांमध्ये चूक झाली." आपल्या भाषेत चूक आपोआप होते, काच आपोआप फुटते, दूध आपोआप उतू जातं. करणारा कुणी नसतोच. मनातल्या मनात स्वतःपासून चार पावलं लांब उभं राहायची सवय लागली की तीच चार पावलं बाहेरही टाकावीशी वाटतात, आणि तिथे ती टाकली की लोकांना वाटतं ही अंग काढून घेतेय. डोक्यात "मीनल" आणि तोंडात "मी", अशी अदलाबदल त्या दोन सेकंदांत करायची होती. केली. म्हणाले, "परताव्यांचा रकाना मी मागच्या महिन्याचा घातला. तीन बेरजा बदलतात. दुरुस्त तक्ता पाठवलाय."

आवाज कापत होता. हातही. म्हणजे धडधड थांबली वगैरे काही नाही, ज्यांची थांबते त्यांची थांबो. फक्त ती धडधड घेऊन वाक्य पूर्ण करता आलं. मग सर बोलले ते. जाऊ दे.

पण मग "फोनवर" का म्हणाले?

तासभर मी याचा छडा लावतेय आणि प्रत्येक वेळी पहिल्या खेपेच्या आवाजात लावतेय. तू घाबरट आहेस म्हणून. तुला लोक काय म्हणतील याचीच पडलेली असते म्हणून. तुझ्याशी बोलायला तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, हे मावशींना कळलं असतं म्हणून. हे शेवटचं लिहून पेन खाली ठेवलं आणि दोन मिनिटं चांगली रडले. ताईला फोन करणार होते, पण तिच्याकडे उशीर झाला असेल, आणि गेल्या वेळेपासून... असो.

बरं, करून बघू. हेच दुसऱ्या खेपेच्या आवाजात.

मीनल आज दुपारी घाबरली होती. ती स्वतःशी मोठ्याने बोलत होती, कारण मनात बोलून पहिली खेप फसेल असं तिला वाटलं. (नाही, हे खोटं. पहिली खेपही मोठ्यानेच होती. खोडू नकोस, राहू दे.) कुणीतरी अचानक आत आलं. तिने सुचेल ते उत्तर दिलं. तीन शब्दांच्या प्रश्नाला एक शब्द. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. त्यानंतर ती बाहेर जाऊन पहिलं वाक्य नीट बोलली.

वाचून बघितलं. जरा कोरडं आहे, पोलिसांच्या पंचनाम्यासारखं. पण यात कुणी घाबरट नाही आणि कुणी एकटंही नाही, नुसती एक बाई बेसिनपाशी उभी आहे. गंमत म्हणजे ते प्रयोगातले लोक हे सगळं मनातल्या मनात करत होते. मोठ्याने बोलायची गरजच नव्हती. उद्यापासून तोंड बंद ठेवून करेन, म्हणजे खोटं बोलायची वेळही यायची नाही.

सहा वाजताचं लिहायचं राहिलंच. निघताना जिन्यात मावशी भेटल्या. पिशवी आवरत होत्या. मी मान खाली घालून पुढे जाणार तेवढ्यात म्हणाल्या, "मग, काय म्हणाली ती फोनवरची?"

मी थांबले. म्हणाले, "म्हणाली, कोणी केलं ते सरळ सांग आणि नवा कागद पुढे कर."

"बरं सांगितलंन," मावशी म्हणाल्या. "रोज करते का फोन?"

"नाही. अडलं की करते."

"मग नंबर ठेव जपून," असं म्हणून त्या पिशवी उचलून खाली गेल्या. माझा फोन तेव्हाही वर टेबलावरच होता, चार्जरसकट. तो आणायला परत दोन मजले चढले.