मोहरीएवढी बाहुली

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या धाकट्या भावाचे वागणे बदलू लागले. आमचे गाव जालना जिल्ह्यात आहे. त्या दिवसांत कपाशीची फवारणी चालू होती आणि ती तोच करत असे. रात्री दोन-तीनपर्यंत तो ओसरीवर येरझारा घाली आणि दुपारी बारापर्यंत गाढ झोपे. सकाळी चहा द्यायला गेलेल्या भावजयीवर खेकसे, पण तासाभरानंतर तोच मुलीला मांडीवर घेऊन गोष्टी सांगत बसे. त्यातच पीक कर्जाच्या रकमेतून अठरा हजारांचा हिशेब लागेना.

मी घाई केली. एका संध्याकाळी त्याला सरळ विचारले, "गांजा घेतोस का?" तो ताटावरून उठला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पैशांचा उलगडा पुढे झाला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. चौदा हजार त्याने कृषी केंद्राची जुनी उधारी फेडायला दिले होते आणि उरलेले मित्राच्या मुलीच्या दवाखान्याला. आम्ही पैशांनाच सर्वांत मोठा पुरावा मानले होते आणि त्यांचा या प्रकरणाशी जवळजवळ काहीच संबंध नव्हता.

डोळ्यांकडे माझे लक्ष योगायोगाने गेले. लोडशेडिंग होते आणि देवघरातील समईच्या उजेडात आम्ही दोघे समोरासमोर बसलो होतो. भर उन्हात सगळ्यांच्याच बाहुल्या लहान होतात, त्यामुळे दुपारी पाहून काही कळत नाही. अंधूक उजेडात त्या पसरायला हव्यात. आईच्या वयात त्या थोड्या कमी पसरतात, तरी तिच्याही पसरल्या होत्या. भावाच्या मात्र दोन्ही डोळ्यांत मोहरीएवढेच काळे ठिपके होते. पुढे आठवड्याभराने एका सकाळी त्याच बाहुल्या टपोऱ्या दिसल्या. त्या वेळी तो सारखा जांभया देत होता, नाक गळत होते आणि उकाड्यातही हातावर काटा आला होता. मी दोन्ही वेळा आणि त्या दिवसांतील त्याचे खाणे-झोपणे वहीत लिहून ठेवले.

भावजयीला वाटले की फवारणीचे औषध अंगात भिनले असावे. ही शंका रास्त होती, कारण फवारणीच्या काही औषधांनीही बाहुल्या आकुंचन पावतात. शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला आणि लगेच पुढचे विचारले: तोंडाला लाळ सुटते का, घाम फुटतो का, जुलाब होतात का? माझ्या वहीत उलट नोंद होती. बाहुल्या लहान असलेल्या दिवसांत त्याचे तोंड कोरडे असे आणि शौचाला तीन-तीन दिवस होत नसे. विषबाधेत शरीर पाझरते, अफूच्या जातीच्या औषधांनी ते आटते, असे डॉक्टरांनी सांगितले. मग त्यांनी आम्हांला बाहेर बसवून भावाशी एकट्याने बोलणे केले.

वर्षापूर्वी मोटारसायकल घसरून त्याचा पाय मोडला होता. त्या वेळी दिलेल्या ट्रॅमाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या कॅप्सूल त्याने थांबवल्याच नव्हत्या. आता तो ५० मिलिग्रॅमच्या दिवसाला दहा घेत होता, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. ४०० ही वरची मर्यादा मानली जाते आणि त्यापुढे फिट येण्याचा धोका वाढतो. २०१८ पासून हे औषध अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी त्याला ते चिठ्ठीशिवाय आणि स्वस्तात मिळत होते. म्हणूनच पैशांत काही दिसले नाही. मित्र सांगत होता तशी लघवीच्या पट्टीची तपासणी घरी केली असती, तर आमची फसगत झाली असती, कारण अफूसाठीच्या नेहमीच्या पट्टीत ट्रॅमाडॉल दिसत नाही.

"केवळ बाहुल्यांवर विसंबू नका," डॉक्टर म्हणाले. "ट्रॅमाडॉलमध्ये त्या कधी लहान होतात, कधी साध्याच राहतात, कधी मोठ्याही होतात. झोप आणि चिडचिड तर नैराश्यातही अशीच दिसते. मला उपयोगी पडला तो तुमच्या नोंदींतला क्रम: औषध अंगात असताना लहान बाहुल्या, ते उतरले की टपोऱ्या बाहुल्या, जांभया आणि अंगावर काटा."

मात्र औषध एकदम बंद करू नका, असे त्यांनी दोनदा बजावले. कॅप्सूल आता भावजयीच्या कपाटात असतात आणि डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे दर पंधरवड्याला एक कमी होते. चारवरून तीनवर आलो तेव्हा जांभया आणि अंगावरचा काटा परत आला, म्हणून महिनाभर तीनवरच थांबलो. पायाच्या दुखण्यासाठी त्याला वेगळे व्यायाम दिले आहेत. सकाळी तो ओसरीवर ते करतो आणि मुलगी शेजारी बसून आकडे मोजते.