कागदावर तो अजून भारतात आलाच नव्हता

जुलैतली गोष्ट. मी सुट्टीवर साताऱ्याला आलो होतो. सकाळी आमच्या गल्लीतले अण्णा गेले. त्यांचा एकुलता एक मुलगा थर्ड इंजिनिअर, आणि त्याची कंटेनर बोट त्याच दिवशी जेबेल अलीहून न्हावा-शेवाला पोचणार होती. त्या बोटीची एजन्सी, म्हणजे बंदरातली तिची सगळी कागदपत्रं आणि व्यवस्था बघायचं काम, आमच्याकडेच होती. कंपनीच्या क्रू विभागाचा फोन आला, तेव्हा मी अण्णांच्या ओट्यावरच उभा होतो.

अण्णांचे धाकटे भाऊ तात्या माझ्याजवळ आले. म्हणाले, "आरं, बोट दुपारी मुंबईत येतीया म्हणतोस. मग पोराला खाली उतरवायला अडतंय कुठं?"

अडतं ते असं. परदेशी बंदरातून आलेल्या बोटीवरचा माणूस भारतीय असला, तरी त्याच्या पासपोर्टवर इमिग्रेशनचा शिक्का बसेपर्यंत कागदावर तो देशात आलेला नसतो. त्याआधी बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. बोटीवर कुणी आजारी नाही, हे कॅप्टनच्या आरोग्य-घोषणेवरून त्यांना पटलं की ती मिळते. तोवर बोटीवर पिवळं निशाण असतं आणि कुणी उतरत नाही. हे कागद बोट येण्याआधीच देता येतात, आणि माझ्या सहकाऱ्याने ते आदल्या दिवशीच दिले होते. ती काळजी मिटली.

दुसरा प्रश्न कॅप्टनचा होता. एक इंजिनिअर कमी करून बोट पुढच्या बंदराला निघू शकते का? बदली माणूस एका दिवसात मिळणार नव्हता. प्रत्येक बोटीकडे कमीत कमी किती माणसांनी निघायचं याचा दाखला असतो. तो मी मागवून घेतला. इंजिन विभागात तीन अधिकारी हवेत असं त्यात होतं, आणि बोटीवर चार होते. कॅप्टनने लगेच होकार दिला.

खरी पंचाईत बर्थची, म्हणजे धक्क्याला बोट लावायच्या जागेची झाली. आमची वेळ संध्याकाळी पाचची होती, पण बर्थवरच्या बोटीचं काम लांबलं आणि आमची पाळी रात्रीवर गेली. घरात शीतपेटी आणलेली, नातेवाईक जमलेले. कुणीतरी म्हणालं, छोटी लाँच पाठवून अँकरेजवरूनच, बोट बाहेर नांगर टाकून उभी आहे तिथूनच, उतरवून घ्या. मी नाही म्हटलं. पावसाळ्यात बाहेर लाटेने लाँच चार-पाच फूट वरखाली होते, आणि दोरशिडीवरून तिच्यात पाय टाकायचा नेमका क्षण चुकला तर माणूस लाँच आणि बोटीच्या मध्ये सापडतो. बाप गेल्याची बातमी मिळालेल्या पोराला त्या शिडीवर उभं करायला माझं मन धजेना. तात्या बराच वेळ माझ्याशी बोलले नाहीत.

रात्री साडेआठला बोट आत आणणारा बंदराचा पायलट चढला, पावणेअकराला धक्क्यावर उतरायचा जिना, म्हणजे गँगवे, लागला. आणि तिथे माझी चूक आडवी आली. इमिग्रेशनसाठीचं साईन-ऑफचं, म्हणजे तो बोटीवरून उतरतोय असं सांगणारं पत्र मी ओट्यावर बसून मोबाईलवर टाइप केलं होतं. त्यात त्याच्या सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाच्या, नंबरातले दोन आकडे उलटे पडले होते. अधिकाऱ्याने पुस्तक उघडून पत्राशेजारी धरलं आणि कागद बाजूला ठेवला. त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. नंबर जुळत नसेल, तर समोरचा माणूस तोच आहे हे त्याने कशावरून मानायचं? सुधारलेलं पत्र पाठवणं, सहकाऱ्याने ते छापून शिक्का मारून आणणं, यात चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत मी ओट्यावरून उठलो नाही. शीतपेटीचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. त्या दिवसापासून मी सीडीसीचा नंबर फोटोवरून एकेक आकडा मोठ्याने वाचून टाइप करतो.

शिक्का बसला. कस्टम्सने त्याची बॅग पाहिली, एकच होती. पाऊण वाजता तो बंदराच्या गेटबाहेर आला. गाडी तिथे मी संध्याकाळपासूनच उभी करून ठेवली होती. पनवेल, पुणे, खंबाटकी करत तो सव्वापाचला दारात उतरला. अंगात बोटीवरचंच जाकीट होतं.

सकाळी आठला संगम माहुलीला त्याने अग्नी दिला. कृष्णा दुथडी भरून वाहत होती. परतताना तात्या काही न बोलता माझा हात धरून चालत होते.

घराशी आल्यावर पोराने मला बाजूला घेतलं. "दादा, बोट सुटली का?"

"दुपारी दोनचा पायलट आहे," मी म्हटलं.

"मग माझी वॉच, इंजिनवरची पाळी, कोण करतंय?"

"सेकंड आणि फोर्थ वाटून घेतायत. कॅप्टनचा निरोप आलाय मघाशी."

त्याने मान हलवली आणि आत आईजवळ जाऊन बसला.