हंडीतली रेघ कुठे गेली?

प्रयोगशाळेत शिकवायला लागून बरीच वर्षं झाली, पण त्या दिवशी माझाच डाव माझ्यावर उलटला. प्रकाशाला माध्यम लागत नाही हे दाखवायचं होतं. काचेच्या हंडीत थोडा धूर सोडला आणि आरपार लाल लेसर पाडला. आत झकास रेघ दिसली. मग निर्वात पंप सुरू केला. रेघ फिकट होत होत नाहीशी झाली.

मागून लगेच आवाज आला, "सर, म्हणजे प्रकाशाला हवा लागतेच ना?"

खरं सांगतो, क्षणभर मीही गडबडलो. मग म्हणालो, "हंडीपलीकडची भिंत बघ." लाल ठिपका तिथे होता तसाच होता. शिवाय काचेवर झोत शिरतो तिथे आणि बाहेर पडतो तिथेही ठिपके चमकत होते, मधे मात्र काहीच नाही.

"मग मघाशी दिसत होतं ते काय?"

"धूर. त्याच्या कणांवर आपटून थोडा प्रकाश बाजूला उडत होता, तोच तुझ्या डोळ्यांत येत होता. हवा काढल्यावर काही कण पंपाबरोबर गेले, उरलेले खाली बसले. आता बाजूला काही उडत नाही. समोरून जाणारा प्रकाश बाजूने दिसत नसतो."

"पण लाट म्हटल्यावर काहीतरी हलायला नको का?"

हा प्रश्न भल्याभल्यांना पडला होता. त्यासाठी ईथर नावाचं माध्यम कल्पिलं गेलं. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांनी पृथ्वीच्या ईथरमधल्या गतीचा माग काढायचा प्रयत्न केला, पण अपेक्षित परिणाम काही सापडला नाही. प्रकाशात कमीजास्त होतात ती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं, आणि क्षेत्राला रिकामी जागा चालते.

पोरगी मात्र हटेना. "ठीक आहे, पण किरण तर असतो? झोत म्हणजे किरणांची जुडी. फट बारीक करत गेलं की शेवटी एकच उरेल."

मला हेच हवं होतं. तिच्याच हातात फट दिली, पडदा दोन मीटरवर ठेवला. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतून पडद्यावर मधला पट्टा साधारण ५ मिलिमीटरचा पडला. "अजून आवळ," म्हटलं. ०.१ मिलिमीटरला तो बारीक व्हायच्या ऐवजी २६ मिलिमीटरवर पसरला आणि दोन्ही बाजूंना फिकट पट्टे उमटले. तिने दोनदा स्क्रू उलटसुलट फिरवून पाहिला. आवळला की पसरतो, सैल केला की आकसतो.

"मग वहीत काढतो ते किरण?"

"प्रकाश कुठल्या दिशेने जातो ते दाखवणाऱ्या रेघा. भिंगं, आरसे मोठे असतात, तिथे हिशेब चोख जमतो. फट तरंगलांबीच्या जवळ येऊ लागली की हा हिशेब बिघडायला लागतो. या लेसरची तरंगलांबी आहे ६५० नॅनोमीटर."

तिने वहीतल्या किरणाचा बाण खोडला नाही, फक्त त्याच्याशेजारी लहान अक्षरात लिहिलं : "दिशा".