सातवी कॅसेट: ट्रॅकिंगचा पट्टा तीन वेळा हलवला, तेव्हा गेला

ही आमच्या डिचोलीकडच्या गावातल्या शिगम्याच्या नाटकाची व्हिडिओ कॅसेट. 1994 साली शूट केलेली, पीएएल, एसपी स्पीड. तिसऱ्या अंकाच्या 41 मिनिटांत बाबांचं काम आहे, म्हणून आधी तेवढाच भाग संगणकावर घेतला.

खिडकीतून पाहिलं तर टेपच्या गुंडाळीच्या कडेला पांढरी बुरशी. गोव्यात कपाटात तीस पावसाळे काढलेल्या कॅसेटला ती लागतेच. अशी कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक टेपला लागते. मी ती आठ दिवस सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवली. मग कव्हर उघडून, टेप हाताने हळूहळू पुढे नेत, कोरड्या मऊ कापडाने पुसून काढली. हेडसाठी साधा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसता टेकवून धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचा. कागद वर-खाली घासला तर हेडचं टोक तुटतं.

एवढं करूनही चित्रात बर्फाळ आडवा पट्टा राहिलाच. ट्रॅकिंगचं बटण दाबलं की पट्टा वर जातो किंवा खाली येतो, पण पूर्ण पडद्याबाहेर काही जात नाही. कारण कॅमेऱ्याने टेपवर तिरकस ओढलेले माग आणि माझ्या व्हीसीआरच्या हेडची वाट तंतोतंत जुळत नाही. मागाच्या एका भागात हेड बरोबर बसतं, दुसऱ्या भागात घसरतं, आणि घसरतं तिथे सिग्नल क्षीण होऊन पट्टा दिसतो. एकाच सेटिंगमध्ये अख्खं चित्र स्वच्छ मिळणं शक्यच नव्हतं.

मग तोच अंक तीन वेळा कॅप्चर केला. पहिल्यात पट्टा वर, दुसऱ्यात मध्ये, तिसऱ्यात तळाशी. पट्टे एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत, मग चित्रातल्या कुठल्याही ठिकाणी तीनपैकी दोन प्रती तरी चांगल्या असतात. तीन मूल्यांतलं मधलं मूल्य, म्हणजे मीडियन, घेतलं की बिघडलेलं आपोआप बाहेर पडतं. तिन्हींची सुरुवात एकाच फ्रेमवर कापून घेतली आणि हे चालवलं:

```
ffmpeg -i a.avi -i b.avi -i c.avi -filter_complex \
"[0:v][1:v][2:v]xmedian=inputs=3[v]" \
-map "[v]" -map 0:a -c:v ffv1 -c:a copy m.mkv
```

पहिली 23 मिनिटं पाहून डोळ्यांत पाणी आलं. पट्टा नाही, आणि इकडेतिकडे चमकणाऱ्या पांढऱ्या रेघाही बहुतेक गेल्या. तेविसाव्या मिनिटानंतर मात्र रेघा परत आल्या, त्याही फक्त हलणाऱ्या माणसांवर. मागचा पडदा स्वच्छच. यावरूनच शंका आली की एका प्रतीत फ्रेम गळलीय. एक प्रत एका फ्रेमने सरकली की चित्र लगेच दुहेरी दिसत नाही, पण हलत्या जागी तिचं मत निरुपयोगी होतं. उरलेल्या दोघींपैकी एकीत रेघ असेल तर ती रेघ निकालात शिरू शकते. खात्रीसाठी दोन-दोन प्रतींचा फरक काढला, `[0:v]format=gbrp[x];[1:v]format=gbrp[y];[x][y]blend=all_mode=difference`. जुळलेल्या प्रतींचा फरक जवळजवळ काळा येतो, घसरलेल्यांत माणसांच्या कडा उजळून दिसतात. `c.avi` मध्ये एक फ्रेम कमी निघाली. त्या जागी एक फ्रेम दुप्पट करून घातली, पुन्हा चालवलं, शेवटपर्यंत ठीक.

या सगळ्याला एक अट आहे. व्हीसीआरच्या पुढे ओळी सरळ करणारा टीबीसी हवा. नाहीतर प्रत्येक प्रतीत ओळी वेगवेगळ्या थरथरतात आणि मीडियन उभ्या कडा पुसट करतो. माझ्याकडे मध्ये लावलेला जुना डीव्हीडी रेकॉर्डर हे काम करतो.

आता उरल्यात 37 जागा. तिथे तिन्ही प्रतींत रेघ अगदी त्याच ठिकाणी आहे, म्हणजे टेपवरचा चुंबकीय थरच निघालाय. कितीही वेळा कॅप्चर केलं तरी तिथे काही मिळणार नाही. बाबा तलवार उपसतात त्या क्षणी गालावरून अशीच एक रेघ जाते. फ्रेम मोठी करून पाहिली तर ती एकाआड एक ओळींवरच आहे, म्हणजे फ्रेमच्या निम्म्या ओळींच्या एकाच फील्डमध्ये. दुसरं फील्ड सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतरावरचं आणि शाबूत. चेहरा स्थिर होता, म्हणून तेवढ्या ओळी त्या फील्डवरून भरल्या. तलवारीच्या पात्यावर तसं केलं तर पातं करवतीसारखं दातेरी झालं, तिथे त्याच फील्डच्या वरच्या-खालच्या ओळींवरून भरलं. अख्ख्या अंकावर शेजारच्या फ्रेमशी तुलना करून कचरा पुसणारा टेम्पोरल डीनॉइझ लावून हे झटपट झालं असतं, पण तो वेगाने फिरणारं पातंही कचरा समजून खातो. त्यापेक्षा 37 जागा हाताने करणं मला पटतं.

आजपर्यंत 19 झाल्या. एका जागी टेपला सुरकुती आहे, सहा फ्रेम लागोपाठ रेघांचा झुपका वर सरकत जातो आणि दोन्ही फील्ड खराब आहेत. ती जागा तशीच ठेवतोय.