प्लॅन आहे, पण लॉटला दिसत नाही: क्यूएम मॉड्यूलचा माझा अनुभव

पुरवठादाराकडून 500 बुश आले आणि स्टोअरने 101 मारून जीआर, म्हणजे माल आल्याची नोंद, केलं. SAP मध्ये मटेरियलला 01 हा तपासणीचा प्रकार लावलेला असला की माल आपोआप तपासणीच्या स्टॉकात जातो आणि तपासणीचा लॉट तयार होतो. आमचाही झाला, पण स्टेटस CRTD वरच, म्हणजे नुसता तयार झाला इथवरच, अडकलं. REL, म्हणजे तपासणीला मोकळा, काही येईना, आणि त्याशिवाय मोजमापं भरता येत नाहीत.

तपासणीचा प्लॅन तर होता! QP03 मध्ये मटेरियल जोडलेलं, वापर 5, स्टेटस 4, सगळं जागच्या जागी. मास्टर डेटा टीमकडे तिकीट टाकलं, तर उत्तर आलं, 'प्लॅन उपलब्ध आहे, कृपया तपासा', आणि तिकीट बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. स्क्रीन उघडून बघायचे कष्ट कोणी घेतले असतील असं मला अजूनही वाटत नाही. तिकडे प्लॅनिंगवाले माझ्या डोक्यावर बसलेले: 'सिस्टीमला 500 दिसतात, मग लाइन का थांबली?' त्यांचंही खोटं नव्हतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये मालाच्या गरजेचा हिशोब करणारी एमआरपी तपासणीतला स्टॉक उपलब्धच धरते. त्यांनी वैतागून MIGO मधून 321 मारून माल मोकळ्या स्टॉकात टाकायचा प्रयत्न केला. लॉट उघडा असताना सिस्टीम ते करू देत नाही.

शेवटी घोळ सापडला तो Valid From मध्ये. जीआर 9 तारखेचं, प्लॅन 12 तारखेपासून लागू. लॉटसाठी प्लॅन शोधताना सिस्टीम तपासणी सुरू होण्याची तारीख बघते, आणि 9 तारखेला तिच्या लेखी हा प्लॅन जन्मालाच आलेला नव्हता. Key Date मागची टाकून प्लॅनची कॉपी करून घेतली, QA02 मधून ती लॉटला जोडली, आणि REL आलं. आधीच्या प्लॅनवर डिलीशनची खूण मात्र करून घ्या. दोन प्लॅन जुळले तर सिस्टीम स्वतः एकही निवडत नाही आणि पुढचा लॉट परत CRTD.

पुढचं भराभर झालं. भोक 25 H7, म्हणजे 25.000 ते 25.021 मिमी. नमुन्याच्या 5 नगांत एक 25.034, दुसरा 25.029. सगळा माल निवडून घेतला, 38 नग बाद. पुरवठादारावरची F2 तक्रार लॉटमधूनच उघडा, म्हणजे पुरवठादार, पीओ, मटेरियल आपोआप येतं. मोकळी उघडलीत तर हे सगळं हाताने भरत बसाल.

आणि हो, QA11 मध्ये निकालाचा कोड टाकला म्हणजे माल हललाच असं समजू नका. कोडला आपोआप पोस्टिंग लावलेलं नसेल तर स्टॉकच्या टॅबवर आकडे स्वतः टाकावे लागतात. मी 462 मोकळ्या स्टॉकात टाकले, 38 ब्लॉकमध्ये. ब्लॉकमधला माल एमआरपी धरत नाही, त्यामुळे पुढच्या रनमध्ये त्या 38 नगांची मागणी तिने स्वतःच काढली.