डिकीतल्या चिठ्ठ्या

घरचा धाकटा मटक्याच्या नादी लागलेले एक ओळखीचे मला विचारत होते: «तू दुकानाचा हिशेब लिहिणारा माणूस. हाताबाहेर चाललंय हे तुला कळलंच नाही? आणि आमच्या धाकट्याचं आता काय करायचं?»

कळत होतं. पण मी दारू पीत नव्हतो, घरात हात उचलत नव्हतो, कामाला दांडी मारत नव्हतो. मटक्याला पन्नास-शंभर रुपये लावायचो. म्हापशात बाजाराला जाणारे निम्मे लोक लावतात, असं मी स्वतःला सांगायचो. निम्मे हा आकडा माझाच, मोजला कुणी नव्हता.

किती हरलो यावर सगळ्यांचं लक्ष असतं. माझं बिनसलं ते जिंकलो त्या दिवशी.

चतुर्थीला चार दिवस होते. मटक्यात दिवसाचा पहिला आकडा ओपन, दुसरा क्लोज, आणि दोन्ही मिळून जोडी. माझी पन्नास रुपयांची जोडी लागली. मटका घेणाऱ्या आमच्या गाड्यावर जोडीला नव्वद पट मिळायचे, म्हणजे साडेचार हजार हातात आले. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीच्या सामानासाठी बायकोने तीन हजार वेगळे काढून ठेवले होते. घरी येऊन पेढे द्यायचे सोडून मी नोटा स्कूटरच्या डिकीत, जुन्या रेनकोटखाली ठेवल्या. «पगार झाला नाही अजून?» तिने विचारलं. «नाही,» म्हणालो. पगार सकाळीच झाला होता. पैसे घरात गेले की परत लावता येणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ओपनला पाचशे लावले, गेले. क्लोजला हजार. मग एकच आकडा धरून बसलो, कारण तो «बरेच दिवस आला नव्हता». आकड्याला कालचं काही आठवत नसतं. दहातला एक आकडा सलग दहा वेळा धरला, तरी साधारण तीनातला एक माणूस कोराच राहतो. हे गणित मला येत होतं, दहावीला गणितात चांगले मार्क होते. तिसऱ्या संध्याकाळी साडेचार हजार संपले आणि कपाटातले माटोळीचे तीन हजारही. बाजारात जायच्या सकाळी तिने पिशवी ठेवायला डिकी उघडली, तेव्हा रेनकोटखाली मटक्याच्या चिठ्ठ्या होत्या. ती ओरडली नाही. पायरीवर बसून एकेक चिठ्ठी मांडीवर सरळ करत राहिली. त्या वर्षी माटोळीला नारळ आणि सुपारीचे घोस शेजाऱ्यांनी दिले.

एका आकड्यावर रुपयाला नऊ मिळतात आणि आकडे दहा असतात, म्हणजे शंभरातले सरासरी दहा गाड्याचे. «दहा टक्के चालतात,» असं तेव्हाचा मी आजही वाद घालतो. पण जिंकलेलं घरी येतच नव्हतं. तेच पुन्हा लावलं की त्यातून पुन्हा दहा टक्के कापले जातात, हातात शून्य येईपर्यंत.

नंतर बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात गेलो, तेव्हा मला दोन प्रश्न विचारले. पूर्वीपेक्षा जास्त पैसे लावल्याशिवाय चैन पडत नाही का? किती लावता याबद्दल घरच्यांशी खोटं बोलावं लागलं का? एकाला जरी हो आलं तरी नीट तपासून घ्यायचं. माझी दोन्ही हो. धाकट्याला हेच दोन विचारा, «किती हरलास?» नको, त्याला तो खोटंच सांगणार. हरलेलं भरून काढायला दुसऱ्याच दिवशी लावतो का, क्लोज लागायच्या वेळी जेवताना फोन बघतो का, हे तुम्हालाच दिसेल.

एक चूक करू नका. माझ्या मेहुण्याने सावकाराचे चाळीस हजार एकदम फेडले. तीन आठवड्यांत मी परत गाड्यावर होतो. पाटी कोरी झाली की लावायला पुन्हा जागा होते. मदत करायचीच तर कोणाचं किती देणं आहे ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि हप्ता थेट त्या माणसाला द्या, त्याच्या हातात नको. आमच्याकडे पगाराचं खातं, एटीएम कार्ड आणि यूपीआय बायकोकडे गेलं. माझ्या खिशात रोजचे दोनशे असायचे. अपमान वाटला. अजून वाटतो. शिवाय संध्याकाळी क्लोजच्या वेळी मी बाजारातून न येता मैदानाकडून येतो, कारण ती हुक्की अर्ध्या-पाऊण तासात उतरते, पण गाड्यासमोर नाही.

14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस. मराठीत बोलता येतं आणि घरचा माणूसही फोन करू शकतो, धाकटा तयार नसला तरी. जीव नकोसा झाल्याचं तो बोलला, तर सकाळची वाट बघू नका. मटका बेकायदा म्हणून डॉक्टरकडे जायला मी सहा महिने घाबरलो. उपचारांची माहिती गुप्त ठेवून घेण्याचा रुग्णाला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने हक्क आहे, हे तिथे गेल्यावर कळलं.

बरा झालो का, हेही लोक विचारतात. गेल्या शिमग्यात एकदा वीस रुपये लावले. त्याच रात्री सांगितलं. बायको काही बोलली नाही, उठून डिकी बघून आली.